चार हजार भेटी, चौतीस ऑर्डरी: नव्या वेबसाइटचे आकडे कसे वाचायचे

वेबसाइट सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात दिसणारे आकडे बहुतेक घरचेच असतात. साइट बनवणारा दिवसातून वीस वेळा ती उघडतो, मालक दुकानातून आणि घरून बघतो, नातेवाइकांच्या ग्रुपवर लिंक जाते आणि सगळे एकदा डोकावून ‘छान झालीय’ म्हणतात. म्हणून पहिले सात दिवस आकड्यांवरून धंद्याचा अंदाज बांधू नये. मोजमाप नीट चालू आहे की नाही एवढंच या दिवसांत तपासायचं. खरं वाचन त्यानंतर.

समजायला सोपं जावं म्हणून सगळा लेख एकाच काल्पनिक उदाहरणावर चालवू. पुण्यातलं एक घरगुती दुकान दिवाळीचा फराळ परदेशी पाठवतं. १ सप्टेंबरला साइट सुरू झाली. साइटवर पैसे भरायची सोय नाही. ‘व्हॉट्सअ‍ॅपवर विचारा’ हे बटण आणि एक फॉर्म, एवढंच. अमेरिका, इंग्लंड आणि दुबईसाठी वेगवेगळी पानं आहेत, आणि कुणीतरी सुचवलं म्हणून चकलीच्या भाजणीचा एक लेखही टाकला आहे. मोजायला गूगल अ‍ॅनालिटिक्स ४ लावलंय, जोडीला सर्च कन्सोल. पुढचे आकडे उदाहरणापुरते आहेत, पण लहान साइटवर चित्र साधारण असंच दिसतं.

आधी मोजमाप तपासा

पहिली तपासणी टॅग, म्हणजे मोजणी करणारा कोड, दोनदा लागलाय का याची. वर्डप्रेसच्या साइटवर ही चूक फार होते: थीमच्या सेटिंगमध्ये कुणी कोड चिकटवलेला असतो आणि नंतर साइट किटसारखं प्लगइनही तोच कोड घालतं. मग एक पान उघडलं की `page_view` दोनदा नोंदला जातो. याची खूण गमतीशीर आहे. आकडे वाईट दिसण्याऐवजी एकदम झकास दिसतात. अ‍ॅनालिटिक्समध्ये भेट ‘एंगेज्ड’ ठरायला तीनपैकी एक गोष्ट पुरते: भेट दहा सेकंदांहून जास्त चालली, किंवा दोन पानं बघितली गेली, किंवा तुम्ही महत्त्वाची ठरवलेली कृती झाली. टॅग दुहेरी असला तर एकच पान बघून गेलेल्याचीही दोन पानं धरली जातात आणि `Engagement rate` शंभर टक्क्यांच्या आसपास जातो. बाउन्स रेट हा त्याचाच उरलेला भाग, त्यामुळे तो शून्याला टेकतो. नव्या साइटचा बाउन्स रेट दोन टक्के दिसला तर पेढे वाटू नका, आधी कोड बघा.

तपासायचं असं: वायफाय बंद करून फोनच्या खासगी विंडोत साइट उघडा आणि दुसऱ्या स्क्रीनवर अ‍ॅनालिटिक्सचा `Realtime` अहवाल ठेवा. एक पान उघडल्यावर `page_view` एकनेच वाढला पाहिजे. दोनने वाढला तर संगणकावर पानाचा सोर्स उघडून `G-` ने सुरू होणारा क्रमांक शोधा. तोच क्रमांक दोन ठिकाणी सेट केलेला सापडला तर एक जागा काढून टाका. साइटवर कॅशे असेल तर तो रिकामा करूनच पुन्हा बघा, नाहीतर जुनंच पान समोर येईल.

दुसरी तपासणी वेळेची. `Admin` मधल्या `Property details` मध्ये टाइम झोन भारताचा आहे ना बघा. खातं उघडताना लक्ष नसेल तर तिथे अमेरिकेची वेळ राहून जाते आणि दिवसाची सीमाच चुकते. आपल्या दुकानाला हे जास्त भोवेल, कारण न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबरात रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा पुण्यात दुसऱ्या दिवसाची सकाळ, साडेसहा वाजलेले असतात. सकाळी सहा ते आठ या वेळात भेटी वाढलेल्या दिसल्या तर तो पुण्याचा मॉर्निंग वॉक नव्हे, तिकडची जेवणानंतरची निवांत वेळ आहे. व्हॉट्सअ‍ॅपला उत्तर कधी द्यायचं हे त्यावरून ठरतं. टाइम झोन बदलला की बदल पुढच्या आकड्यांना लागू होतो, मागचे तसेच राहतात. म्हणून हे काम पहिल्याच दिवशी करायचं.

त्याच बैठकीत `Data retention` दोन महिन्यांवरून चौदा महिने करून टाका. हे सेटिंग `Explore` मधल्या तपशीलवार अहवालांसाठी असतं आणि सुरुवातीला दोन महिन्यांवरच असतं. हंगामी धंद्यात याचा अर्थ असा की पुढच्या दिवाळीला यंदाच्या दिवाळीशी तुलना करायला बसाल तेव्हा तपशील पुसला गेलेला असेल.

तिसरी गोष्ट स्वतःच्या भेटी वगळण्याची. अ‍ॅनालिटिक्समध्ये तुमच्या इंटरनेटचा आयपी पत्ता ‘अंतर्गत’ म्हणून नोंदवता येतो: `Data streams` मधून `Configure tag settings`, तिथे `Define internal traffic`, आणि मग `Data filters` मध्ये जाऊन तो फिल्टर चालू. पण घरच्या जोडणीचा पत्ता अनेकदा बदलत राहतो. मोबाइल डेटावर तर एकाच पत्त्यामागे अनेक ग्राहक असतात. तो पत्ता वगळलात तर त्याच कंपनीचे अनोळखी लोकही गळतील, आणि गाळलेले आकडे परत मिळत नाहीत. म्हणून फिल्टर दुकानाच्या स्थिर पत्त्यापुरताच वापरा आणि सुरू करण्याआधी काही दिवस `Testing` वर ठेवा. घरच्यांसाठी साधा उपाय बरा: संगणकावर गूगलचंच अ‍ॅनालिटिक्स ऑप्ट-आउट एक्स्टेन्शन टाकायचं, आणि फोनवर स्वतःची साइट बघायला ब्रेव्हसारखा ब्राउझर वापरायचा, जो अशी मोजणी मुळात अडवतोच.

कोणत्या कृतीला किंमत आहे ते ठरवा

आता मुख्य काम. साइटवर येणाऱ्याने काय केलं की दुकानाकडे पैसे येण्याची शक्यता तयार होते? आपल्या उदाहरणात दोनच गोष्टी: व्हॉट्सअ‍ॅपचं बटण दाबणं आणि फॉर्म पाठवणं. या दोन्ही कृती अ‍ॅनालिटिक्सला वेगळ्या ओळखू आल्या पाहिजेत. आल्या नाहीत तर बाकीचे सगळे आकडे लटकत राहतात, कारण भागाकारात वर ठेवायला काही उरत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपचं बटण `wa.me` च्या साध्या लिंकने बनवलेलं असेल तर `Enhanced measurement` चालू असताना बाहेर जाणारी लिंक म्हणून `click` ही घटना आपोआप नोंदली जाते. तिच्यातून आपली वेगळी घटना काढायची. `Admin` मध्ये `Events`, तिथे `Create event`, नाव `whatsapp_click`, आणि अटी दोन:

```
event_name   equals   click
link_domain  equals   wa.me
```

नंतर ही घटना `Key event` म्हणून खूण करा. पूर्वी याला ‘कन्व्हर्जन’ म्हणत. २०२४ मध्ये नाव बदललं. मोजायची पद्धत `Once per session` निवडा, नाहीतर एकाच माणसाने तीनदा बटण दाबलं की तीन विचारणा दिसतील. ही घटना आज तयार केली तर मोजणीही आजपासूनच. कालचे क्लिक मागे जाऊन मोजले जात नाहीत.

इथे दोन ठिकाणी गाडी अडते. एक, कोपऱ्यात तरंगणारं हिरवं बटण देणारी काही प्लगइनं साधी लिंक न देता जावास्क्रिप्टने खिडकी उघडतात. तेव्हा `click` नोंदला जात नाही, बटण रोज दाबलं जात असूनही आकडा शून्य. दुसरं, लिंक `api.whatsapp.com` ची असेल तर वरची अट जुळत नाही. दोन्हीवर उपाय तोच: बटण साध्या `wa.me` लिंकने बनवा. फोन करण्याची `tel:` लिंक असेल तर तिची नोंद आपोआप होत नाही. साइटवर गूगलचा टॅग थेट लावलेला असेल तर लिंकमध्येच एवढं घालता येतं:

```html
<a href="tel:+91XXXXXXXXXX"
   onclick="gtag('event','phone_click')">फोन करा</a>
```

फॉर्मसाठी आपोआप मिळणाऱ्या `form_submit` वर विसंबू नका. पिनकोड चुकला म्हणून फॉर्म गेलाच नाही, तरी कधी कधी ती घटना नोंदली जाते. फॉर्म खरोखर पोचल्यावरच उघडणारं `/dhanyavad/` असं स्वतंत्र पान करा आणि त्या पानाचा `page_view` मोजा.

एक गोष्ट मात्र अ‍ॅनालिटिक्सच्या हातात नाही. बटण दाबलेला माणूस व्हॉट्सअ‍ॅप उघडल्यावर ‘पाठवा’ दाबेलच असं नाही. संगणकावर व्हॉट्सअ‍ॅप जोडलेलं नसेल तर क्यूआर कोड समोर येतो आणि बरेच जण तिथूनच मागे फिरतात. म्हणून खरे आलेले संदेश आणि झालेल्या ऑर्डरी वहीत किंवा शीटमध्ये हाताने लिहायच्याच. प्रत्येक पानावरच्या बटणात आधीच भरलेला मजकूर वेगळा ठेवला, जसं ‘अमेरिकेला फराळ पाठवायचा आहे’, तर संदेश कुठल्या पानावरून आला ते वाचताक्षणी कळतं, आणि नंबरच्या सुरुवातीला +९१ आहे की +१ त्यावरून विचारणारा साधारण कुठला तेही.

युजर की सेशन?

अ‍ॅनालिटिक्सच्या पहिल्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत युजर दिसतात, पण तो आकडा माणसांचा नाही. तो ब्राउझरांचा आहे. एकच बाई फेसबुकमधून लिंक उघडते तेव्हा फेसबुकच्या आतला ब्राउझर एक युजर, नंतर क्रोममध्ये उघडते तेव्हा दुसरा, लॅपटॉपवर तिसरा. आयफोनवरची सफारी अशी मोजणीची कुकी साधारण सात दिवसांत पुसते, त्यामुळे १ तारखेला बघून १२ तारखेला परत आलेली व्यक्ती ‘नवी’ म्हणून धरली जाते. आपलं गिऱ्हाईक अमेरिकेतलं, तिथे आयफोन भरपूर, म्हणून ‘नवे किती आणि परतलेले किती’ हा तक्ता या दुकानाला जवळजवळ निरुपयोगी आहे.

गुणोत्तरासाठी सेशन वापरा, म्हणजे भेट. अर्धा तास काही हालचाल झाली नाही की भेट संपली असं धरलं जातं. तेही परिपूर्ण नाही, पण ‘शंभर भेटींमागे किती विचारणा’ हा प्रश्न स्वच्छ आहे आणि दर आठवड्याला त्याच मापाने विचारता येतो.

महिन्याचा तक्ता उकलून बघू

३० सप्टेंबरला समजा असं दिसलं: एकूण ४,०५० भेटी, ९६ विचारणा. म्हणजे शंभरामागे २.४. हा आकडा चांगला की वाईट? काहीच सांगता येत नाही, कारण यात फराळ मागवू शकणारे आणि कधीच न मागवणारे एकत्र कालवलेले आहेत. `Explore` मध्ये `Free form` उघडा. ओळींत `Country` घ्या, आकड्यांत `Sessions`, `Key events` आणि `Average engagement time per session`. मग चित्र फुटतं:

| देश | भेटी | विचारणा | शंभरामागे |
|---|---|---|---|
| भारत | २,३१० | १८ | ०.८ |
| अमेरिका | ९२० | ५२ | ५.७ |
| इंग्लंड | २६० | १५ | ५.८ |
| संयुक्त अरब अमिराती | १४० | ९ | ६.४ |
| बाकी | ४२० | २ | ०.५ |

पहिल्या नजरेत निकाल सोपा वाटतो: भारतातल्या भेटी वाया, परदेशावर जोर द्या. इथे थांबलं तर चूक होईल. भारताच्या ओळीत अजून एक पदर आहे. `Landing page` ही दुसरी ओळ जोडली की दिसतं, २,३१० पैकी १,४५० भेटी थेट चकलीच्या लेखावर उतरल्या आणि त्यांतून एकही विचारणा आली नाही. त्या बाजूला काढल्या तर उरतात ८६० भेटी आणि १८ विचारणा: शंभरामागे २.१.

चकलीच्या लेखाबद्दल आणखी एक मजा. साइटवर सर्वांत जास्त वेळ त्याच पानावर गेलेला असतो, समजा सरासरी दोन मिनिटं दहा सेकंद, आणि अमेरिकेच्या ऑर्डरच्या पानावर जेमतेम चाळीस सेकंद. पान पडद्यावर समोर असेल तोवरचा वेळ अ‍ॅनालिटिक्स मोजतं. भाजणीचं प्रमाण बघत माणूस फोन ओट्यावर उघडा ठेवतो. फराळ मागवणारा दर आणि शेवटची तारीख बघून बटण दाबतो आणि निघतो. तेव्हा ‘लोक जास्त वेळ थांबतात ते पान चांगलं’ हा नियम विक्रीच्या पानाला लावू नका. ऑर्डरच्या पानावर वेळ वाढू लागला तर उलट काळजी करा. दर सापडत नाही किंवा वजनाचं कोष्टक कळत नाही अशी शक्यता असते.

आता अमेरिकेची ओळ. शहर जोडून बघितलं तर ९२० पैकी समजा १८० भेटी अ‍ॅशबर्न आणि बोर्डमन इथून आल्या, थेट मुखपृष्ठावर, आणि वेळ शून्य सेकंद. व्हर्जिनियातलं अ‍ॅशबर्न आणि ओरेगनमधलं बोर्डमन ही मोठ्या डेटा सेंटरांची गावं. अशा भेटी बहुधा यंत्रांच्या असतात. ओळखीचे बॉट गूगल आपोआप गाळतं, अनोळखी सुटतात. मात्र शहराच्या नावावरून सरसकट कात्री लावू नका. अ‍ॅशबर्नच्या आसपास भारतीय कुटुंबंही भरपूर राहतात, आणि फराळ मागवणारे तेच! शहर, शून्य वेळ, एकच पान आणि स्रोत `direct` या चारही खुणा एकत्र दिसल्या तरच भेट बाद धरायची. १८० बाद केल्या तर अमेरिकेच्या ७४० भेटींत ५२ विचारणा, म्हणजे शंभरामागे सात.

इंग्लंडच्या ओळीला वेगळी अडचण. तिथल्या नियमांमुळे कुकीला बहुधा आधी संमती घ्यावी लागते आणि संमती विचारणाऱ्या पट्टीवर ‘नको’ म्हणणारे या मोजणीत पूर्ण दिसत नाहीत. म्हणून २६० हा आकडा खऱ्यापेक्षा कमी धरा, आणि अमेरिकेच्या भेटींशी त्याची थेट तुलना टाळा.

शेवटचा पदर वहीत सापडतो. अ‍ॅनालिटिक्समध्ये ९६ विचारणा दिसल्या, प्रत्यक्ष संदेश ७१ आले, ऑर्डरी ३४ झाल्या. त्यांची वाटणी अशी: अमेरिका १६, भारत ११, इंग्लंड ५, दुबईकडच्या २. आता भारताकडे परत बघा. १८ विचारणांतून ११ ऑर्डरी, म्हणजे निम्म्याहून जास्त; अमेरिकेत ५२ मधून १६, तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. कारण संदेश वाचले की कळतं. भारतातून विचारणारे आई-बाबा असतात. मुलाला पाठवायचंय हे ठरलेलं असतं, फक्त पत्ता आणि पैसे कसे द्यायचे एवढंच विचारतात. तिकडचे तीन दुकानांचे दर पडताळत असतात. नुसत्या अ‍ॅनालिटिक्सवर चाललं असतं तर भारतातलं हे गिऱ्हाईक ‘वाया भेटी’ म्हणून सोडून दिलं असतं. यातून निघणारं काम अगदी ठोस आहे: ‘परदेशातल्या मुलांना इथून फराळ पाठवा’ असं एक पान, भारतीय नंबर आणि यूपीआयच्या उल्लेखासह, आणि चकलीच्या लेखाच्या मध्यावर त्या पानाची लिंक.

भारतातल्या शहरांचा तक्ता मात्र सैलसर घ्या. मोबाइल डेटावर असलेला सांगलीचा माणूस मुंबईचा म्हणून दिसू शकतो. देश बहुधा बरोबर असतो, शहर अंदाजाने.

भेट कुठून आली

`Traffic acquisition` अहवालात नव्या मराठी साइटवर सर्वांत मोठी ओळ बहुधा `Direct` असते. वाचणाऱ्याला वाटतं, लोक पत्ता टाइप करून येताहेत. तसं क्वचितच असतं. व्हॉट्सअ‍ॅपवरून उघडलेली लिंक आपण कुठून आलो हे बहुतेक वेळा सांगत नाही, आणि अ‍ॅनालिटिक्स अशा सगळ्या बेनामी भेटी `Direct` मध्ये टाकतं. लिंक पाठवतानाच तिला शेपूट जोडा:

```
https://example.in/usa/?utm_source=whatsapp&utm_medium=social&utm_campaign=mandal_sept
```

सगळी अक्षरं लहान ठेवा, कारण `WhatsApp` आणि `whatsapp` या दोन वेगळ्या ओळी होतात. `utm_medium` मध्ये मनाला येईल तो शब्द टाकू नका. `social` लिहिलं तर भेट `Organic Social` मध्ये बसते, `group` किंवा `forward` लिहिलं तर ती `Unassigned` मध्ये जाऊन पडू शकते. प्रत्येक गटाला वेगळा `utm_campaign` द्या. साइटच्या आतल्या लिंकांना हे शेपूट कधीही लावू नका, नाहीतर माणूस मुळात कुठून आला याची नोंद गढूळ होते. याची मर्यादाही लक्षात असू द्या: कुणी ती लिंक उचलून दुसऱ्या गटात टाकली तर शेपूटही सोबत जातं, आणि त्या भेटी पहिल्याच गटाच्या नावावर जमा होतात.

शोधातून येणाऱ्यांसाठी सर्च कन्सोल बघा. तिथले क्लिक आणि अ‍ॅनालिटिक्समधल्या भेटी कधीच तंतोतंत जुळणार नाहीत. एक गूगलच्या पानावर मोजतं, दुसरं तुमच्या पानावर. शिवाय सर्च कन्सोलच्या तारखा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेने धरलेल्या असतात. जुळवाजुळव करत बसू नका, कल बघा.

`Performance` अहवालात आधी देशाची चाळणी लावा: अमेरिका. न लावता बघितलं तर चकलीचे शोध सगळा तक्ता व्यापून टाकतात. मग `Queries` मध्ये विकत घ्यायचा हेतू दिसतो असे शब्द शोधा, जसं ‘diwali faral usa’. त्यातला सरासरी क्रमांक अकरा ते वीस दरम्यान असेल तर तुमचं पान बहुधा शोधाच्या दुसऱ्या पानावर अडकलेलं आहे. त्या पानाचं शीर्षक आणि पहिला परिच्छेद नीट करण्याची मेहनत इथे सर्वांत आधी करावी. क्रमांक तीन-चार असून क्लिक कमी असतील तर शीर्षकात किंमत किंवा शेवटची तारीख घालून बघा. फार कमी लोकांनी शोधलेले शब्द गूगल खासगीपणासाठी लपवतं, त्यामुळे ओळींची बेरीज वरच्या एकूण आकड्याएवढी होत नाही. त्यात काही बिघडलेलं नसतं.

छोट्या आकड्यांची फसगत

लहान साइटवर सर्वांत जास्त चुका इथे होतात. मागच्या आठवड्यात दहा विचारणा होत्या, बटणाचा रंग बदलला, या आठवड्यात पंधरा झाल्या. दीडपट! पण अशा मोजणीत आकड्याच्या वर्गमुळाच्या दुप्पट इतकी हालचाल नुसत्या योगायोगानेही होते. दहाच्या आजूबाजूला सहा, पंधराच्या आजूबाजूला जवळपास आठ. म्हणजे दहा हे सोळाही असू शकले असते आणि पंधरा हे सातही. रंगाबद्दल यातून काहीच कळत नाही. फरक चौपट झाला, किंवा चार आठवडे एकाच दिशेने टिकला, तर बोलू.

शून्यासाठी एक सोपा नियम आहे, त्याला तीनचा नियम म्हणतात. काही भेटींत एकही विचारणा आली नाही, तर तीनला त्या भेटींनी भागा. खरा दर बहुधा त्याहून जास्त नसतो. समजा अमेरिकेतल्या एका गटातून २० भेटी आल्या, विचारणा शून्य. तीन भागिले वीस, म्हणजे पंधरा टक्के. आपला तिथला नेहमीचा दर सात, तेव्हा हा गट चांगलाही असू शकतो, निर्णय थांबवा. पण ६० भेटींनंतरही शून्यच, तर वरची मर्यादा पाच टक्के होते, म्हणजे नेहमीच्या सातपेक्षा कमी. आता म्हणता येतं की या गटात आपलं गिऱ्हाईक तितकंसं नाही. आणि चकलीच्या लेखाचं? १,४५० भेटी, शून्य विचारणा: मर्यादा ०.२ टक्के. तो लेख वाचकांसाठी ठेवा, पण विक्रीच्या हिशेबातून बाजूला काढा.

आठवड्याचं वाचन

आकडे पूर्ण बसायला अ‍ॅनालिटिक्सला एक-दोन दिवस लागतात, म्हणून रविवारी संपलेला आठवडा बुधवारी वाचा. रोज उघडून बघण्यात काही मिळत नाही; `Realtime` फक्त तपासणीसाठी. शीटमध्ये दर आठवड्याला एक ओळ पुरते: मागवू शकणाऱ्या देशांतल्या भेटी (चकलीचा लेख आणि यंत्रं वगळून), विचारणा, प्रत्यक्ष संदेश, ऑर्डरी. आणि शेवटच्या रकान्यात त्या आठवड्यात काय बदललं ते: दर वाढवले, मंडळाच्या ग्रुपवर लिंक गेली, दोन दिवस साइट बंद होती. हा रकाना नसला तर महिन्याने आलेख का उडाला ते कुणालाच आठवत नाही.

विचारणा आणि संदेश यांतली दरी अचानक वाढली, समजा ९६ ला ७१ ऐवजी ४०, तर आधी बटणातला नंबर तपासा. देशाचा कोड चुकला किंवा नंबरात एक आकडा कमी पडला की व्हॉट्सअ‍ॅप उघडतं पण संदेश कुणालाच जात नाही. संदेश तेवढेच आणि ऑर्डरी घटल्या, तर साइटवर शोधू नका. दर, कुरिअरचा खर्च किंवा उशिरा गेलेलं उत्तर बघा. भेटीच घटल्या तर त्या कुठल्या स्रोतातून घटल्या तेवढं बघायचं.

पार्सल पोचण्याची शेवटची तारीख उलटली की विचारणा लगेच थांबत नाहीत, कधी कधी वाढतातच, कारण उशीर झालेले सगळे धावत येतात. त्या दिवसांतला दर हंगामाच्या सरासरीत मिसळू नका. तारीख उलटताच त्या देशाच्या पानावरचं बटण काढून ‘पुढच्या वर्षी आठवण करा’ असा छोटा फॉर्म ठेवा आणि त्याच्यासाठी वेगळी घटना, वेगळं धन्यवादाचं पान करा, म्हणजे ऑर्डरीसाठी आलेल्या विचारणा आणि हे नाव नोंदवणारे एकाच रकान्यात पडणार नाहीत.